मजकूर आपला, जागा उसनी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात तीन-चार जुन्या फ्लॉपी पडून आहेत. एम.एस्सी. झाल्यावर २००२ च्या सुमारास मी शाळेतल्या मुलांसाठी काही लेख लिहिले होते. ते त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डीटीपीवाल्याच्या संगणकावर टंकून या फ्लॉपींवर घेतले होते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या खटपटीने त्यांतील एक फ्लॉपी वाचून घेतली. फाइल सुखरूप निघाली. पण उघडून पाहतो तो काय? पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता काला! मराठीचा एक शब्द दिसेना.

विद्यार्थी मित्रांनो, या फाइलमध्ये मराठी अक्षरे कधी नव्हतीच. तीत इंग्रजी अक्षरांचेच सांकेतिक अंक होते. एका विशिष्ट टंकामुळे, म्हणजे फॉन्टमुळे, ती अक्षरे देवनागरीच्या आकारात दिसत असत, एवढेच. तो टंक माझ्याजवळ उरला नाही आणि लेख असूनही नसल्यासारखा झाला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत ‘क’ ला, ‘ख’ ला व प्रत्येक मात्रेला स्वतःचा असा जागतिक अंक मिळालेला होता. पण आमच्याकडे ती पद्धत रुळायला पुढे बरीच वर्षे गेली आणि तोवर माझे लेख लिहून झाले होते.

हे आज सांगण्याचे कारण असे, की माझ्या वर्गातील मुले हल्ली पुष्कळ लिहितात. कोणी पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, कोणी प्रयोगाचे वर्णन लिहितो. परंतु लिहितात कोठे, तर मोबाइलमधील कुठल्यातरी ॲपच्या चौकटीत. ती चौकट परक्याची असते. ती बंद झाली, तर आतला मजकूर कोठे जाईल याचा विचार कोणी करीत नाही. जिओसिटीज नावाच्या प्रसिद्ध संस्थळावर लक्षावधी लोकांनी फुकट पाने उभारली होती. ते २००९ मध्ये बंद झाले. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेले ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. तेव्हा माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. विद्यार्थ्याने स्वतःचा ब्लॉग जरूर काढावा, पण मूळ मजकूर साध्या फाइलींच्या रूपाने आपल्याजवळ ठेवावा आणि संस्थळ ही त्या फाइलींची केवळ छापील प्रत समजावी. प्रत हरवली तर पुन्हा काढता येते, मूळ हरवले तर काही उरत नाही.

हे कसे साधते ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

आमच्या महाविद्यालयातील अकरावीची एक विद्यार्थिनी सेलू तालुक्यातील एका खेड्यात राहते. २०२५ च्या जूनमध्ये तिने घरच्या विहिरीची पाणीपातळी मोजण्यास सुरुवात केली. सरकारी भूजल यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी साधारणपणे वर्षातून चार वेळा मोजतात. पहिल्या पावसानंतर पाणी नेमके कोणत्या दिवशी चढू लागले हे चार नोंदींवरून कळणार नाही. त्यासाठी रोजच मोजले पाहिजे. तिने विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण केली. त्या खुणेपासून वजन बांधलेला टेप पाण्यापर्यंत सोडायचा आणि आलेल्या लांबीतून कठड्याची उंची वजा करायची. पहिल्या दिवशी टेपवर १०.१५ मीटर आले, कठडा ०.७५ मीटर उंच, म्हणून पाणी जमिनीखाली ९.४० मीटर. मोटार सुरू झाली की पातळी खाली जाते, म्हणून मोजणी पहाटे पाचच्या सुमारास करायची असे ठरले.

या नोंदी तिला सर्वांना दिसतील अशा ठेवायच्या होत्या. त्यासाठी आम्ही मार्कडाऊन ही लेखनपद्धती आणि जेकिल हे साधन निवडले. मार्कडाऊन ही २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलेली अगदी साधी लिखावट आहे. ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका द्यायच्या, मथळ्याच्या आधी `#` हे चिन्ह द्यायचे, परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडायची, अशा तिच्या खुणा आहेत. या खुणांसकट मजकूर कोणत्याही साध्या संपादकात वाचता येतो. उद्या जगातील सर्व जेकिल नाहीसे झाले, तरी `**९.४० मीटर**` याचा अर्थ कोणालाही कळेल. माझ्या फ्लॉपीवरच्या लेखाची जी गत झाली, ती या फाइलीची होणार नाही.

जेकिल हे साधन टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे काम समजण्यासाठी शाळेतील जुने सायक्लोस्टाईल यंत्र आठवा, तुम्ही पाहिले नसेल तर गुरुजींना विचारा. प्रश्नपत्रिकेची स्टेन्सिल एकदा कापली की शंभर प्रती काढा वा पाचशे, पुन्हा लिहावे लागत नाही. पुष्कळशी मोठी संस्थळे अशी नसतात. तेथे वाचक आला की संगणक माहितीच्या कोठारातून तुकडे काढतो आणि त्या वाचकापुरते पान जागच्या जागी जुळवतो. त्यासाठी तेथे सतत चालणारा कार्यक्रम लागतो, कोठार लागते आणि दोहोंची राखण लागते. जेकिल हे काम आधीच, एकदाच करून ठेवते. ते आपली मार्कडाऊन फाइल घेते, `**` च्या जागी संकेतस्थळांच्या भाषेतील `<strong>` ही खूण घालते, वर-खाली ठरलेला मथळा व तळटीप जोडते आणि तयार पान फाइल म्हणून ठेवते. वाचक आला की ती फाइल जशीच्या तशी हाती द्यायची. म्हणूनच अशा संस्थळाला स्थिर संस्थळ म्हणतात. ते ठेवण्याचा खर्च फार थोडा, आणि म्हणूनच काही कंपन्या ते फुकट ठेवू देतात.

गिटहब ही त्यांपैकी एक. येथे सोय अशी, की जेकिल चालविण्याचे कामही तिचाच संगणक करतो. आपल्याकडे साधा ब्राउझर असला की पुरे. खाते काढायला वयाची तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि घरच्यांना सांगूनच ते काढावे. खात्यात `tumchenav.github.io` अशा नावाची एक सार्वजनिक पेटी, म्हणजे रिपॉझिटरी, तयार करायची. `tumchenav` च्या जागी खात्याचे जे नाव असेल ते घालायचे. मग `Settings` मधील `Pages` या पानावर `main` ही शाखा निवडलेली आहे ना, ते पाहायचे. पेटीत प्रथम `_config.yml` ही फाइल लिहायची:

```
title: विहिरीची वही
theme: minima
lang: mr
future: false
```

पहिली ओळ संस्थळाचे नाव सांगते, दुसरी पानांची मांडणी ठरवते, तिसरी मजकूर मराठीत असल्याचे कळवते आणि चौथी पुढच्या तारखेचे लेख थांबवून ठेवायला सांगते. यानंतर मुखपृष्ठासाठी `index.md` ही तीन ओळींची फाइल:

```
---
layout: home
---
```

आता पहिली नोंद. `Add file` मधून `Create new file` निवडायचे आणि नावाच्या जागी `_posts/2025-06-09-vihir.md` असे लिहायचे. आत मजकूर असा:

```
---
layout: post
title: विहिरीची पहिली नोंद
---
आज पहाटे पाणी जमिनीखाली **९.४० मीटर** होते.
```

दोन तीन-तीन आडव्या रेघांच्या मधला भाग जेकिलसाठी असतो, त्याखालचा भाग वाचकांसाठी. `Commit changes` हे बटण दाबले की साधारण एक-दोन मिनिटांत नोंद संस्थळावर दिसते.

दिसते, असे मी म्हटले खरे. परंतु आमच्या विद्यार्थिनीची नोंद दिसली नाही, आणि या लेखातील मुख्य गोष्ट तीच आहे.

अशा संस्थळात दोन प्रकारचे दोष होतात. काही दोष बोलके असतात. समजा, तुम्ही `_config.yml` मध्ये नाव `विहिरीची वही: सेलू` असे लिहिले. या फाइलीच्या व्याकरणात विसर्गासारख्या दिसणाऱ्या या चिन्हाला, म्हणजे अपूर्णविरामाला, खास अर्थ आहे. त्यामुळे जेकिल गोंधळते, काम थांबवते आणि `Actions` या पानावर लाल फुली दिसते. नाव अवतरणचिन्हांत घातले की झाले. अशा दोषाची मला भीती वाटत नाही. दुसरे दोष मुके असतात. हिरवी खूण येते, तक्रार सहसा नजरेस पडत नाही आणि तरीही पान हजर नसते.

तिचा दोष मुका होता. सोमवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तिने नोंद लिहिली. हिरवी खूण आली. सात वाजेपर्यंत वाट पाहिली, पण मुखपृष्ठ रिकामेच. मी म्हणालो, “अगं, तुमच्याकडचे नेटवर्क हळू असेल.” हे माझे उत्तर आळशीपणाचे होते, हे कबूल केले पाहिजे. मंगळवारी पहाटे तिने दुसरी नोंद घातली, तेव्हा सोमवारची दिसू लागली, पण मंगळवारची नाही. बुधवारी मंगळवारची दिसली. शेवटची नोंद नेहमी गैरहजर! असा क्रम शनिवारपर्यंत चालला. रविवारी ती उशिरा उठली, सातला नोंद घातली, आणि शनिवारची व रविवारची अशा दोन्ही नोंदी एकदम दिसल्या.

सोमवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत तिने प्रत्येक नोंदीची वेळ व ती दिसली की नाही, असा तक्ताच केला होता. ती म्हणाली, “सर, नेटवर्क रोज पहाटे हळू आणि रविवारीच जलद, असं कसं असेल? फरक वेळेत आहे.”

आता भूगोलाच्या पुस्तकातील एक आकडा आठवा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून आपली घड्याळे ग्रीनिचच्या पुढे ८२.५ भागिले १५, म्हणजे साडेपाच तास आहेत. गिटहबचा जेकिल चालविणारा संगणक जागतिक वेळेवर, म्हणजेच ग्रीनिचच्या वेळेवर चालतो. आपल्याकडे सोमवारी पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे झाली, तेव्हा त्याच्या घड्याळात रविवारचे रात्रीचे अकरा चाळीस झालेले असतात. फाइलीच्या नावावर मात्र सोमवारची तारीख आहे. तारखेबरोबर वेळ दिलेली नसली, तर जेकिल ती त्या दिवसाची मध्यरात्र धरते. मग त्याच्या हिशेबाने ही नोंद अजून वीस मिनिटांनी लिहिली जाणार आहे! पुढच्या तारखेचे लेख प्रसिद्ध करायचे नाहीत असा जेकिलचा नियम आहे, आणि गिटहबवर तो `future: false` या ओळीने लागू होतो. म्हणून त्याने ती गुपचूप बाजूला ठेवली.

मग साडेपाचनंतर ती आपोआप का दिसली नाही? कारण हे संस्थळ स्थिर आहे. स्टेन्सिल एकदा कापली की कापली. वीस मिनिटांनी काळ पुढे गेला, पण पान पुन्हा कोणी छापले नाही. दुसऱ्या दिवशी नवी फाइल आली तेव्हा जेकिल पुन्हा चालले, आणि तेव्हा कालची नोंद भूतकाळात गेलेली होती. त्यामुळे ती दिसली व आजची राहिली.

स्पष्टीकरण सुचले म्हणजे ते खरे ठरत नाही, ते तपासावे लागते. तिने मंगळवारी पाच वीसला एक नोंद घातली. ती दिसली नाही. बुधवारी पाच पस्तीसला घातली, ती लगेच दिसली. सीमा साडेपाचलाच आहे, हे ठरले. मग `_config.yml` मध्ये ही एक ओळ वाढवली:

```
timezone: Asia/Kolkata
```

यामुळे जेकिल फाइलीवरील तारखेची मध्यरात्र आपल्या वेळेने धरू लागले. गुरुवारी पाच दहाची नोंद पाच बाराला संस्थळावर होती.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येणारा आणखी एक मुका दोष सांगून ठेवतो. फाइलीच्या नावातील तारीख `2025-06-09` अशी इंग्रजी अंकांतच हवी. ती `२०२५-०६-०९` अशी लिहिली, तर जेकिल तिला तारीख मानीत नाही आणि तो लेख चक्क वगळला जातो. नावातील शब्दही रोमन लिपीत ठेवलेले बरे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते, आणि पत्ता पाठवताना प्रत्येक बाइटच्या जागी टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरे येतात. ‘विहीर’ या शब्दात व, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी व र अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे पत्त्यात पाच गुणिले नऊ, पंचेचाळीस अक्षरांची माळ! कोणाला पाठवायला गेलात, तर ती मध्येच तुटण्याचा संभव असतो. आतला मजकूर मात्र निर्धास्तपणे मराठीत लिहावा.

जागा किती पुरेल, याचाही हिशेब करून पाहा. गिटहब अशा संस्थळाला एक जीबीपर्यंत जागा देते. दोन हजार चिन्हांचा मराठी लेख प्रत्येक चिन्हास तीन बाइट धरून सहा हजार बाइटांचा, म्हणजे सुमारे सहा केबीचा होतो. असे दीड लाखाहून अधिक लेख एक जीबीत मावतात. पण मोबाइलने काढलेला फोटो चार एमबीचा असला, तर अडीचशे फोटोंतच जागा संपते. तेव्हा मजकुराची काळजी नको, फोटो मात्र लहान करूनच घालावेत.

काही शिक्षक मित्र मला म्हणतात, “एवढा खटाटोप कशाला? ॲपमध्ये लिहिले की एका क्षणात दिसते, वर वाचक अभिप्रायही देतात.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. स्थिर संस्थळात अभिप्रायाची पेटी नसते, शोधाची सोय आयती मिळत नाही, आणि आम्ही निवडलेल्या मांडणीत महिन्यांची नावेही इंग्रजीत येतात. आणखी एक मर्यादा अधिक गंभीर आहे. फुकट खात्यावर संस्थळ चालवायचे, तर पेटी सार्वजनिक ठेवावी लागते, आणि प्रत्येक बदलाचा इतिहास तीत राहतो. आज चुकून घातलेला फोन नंबर उद्या पुसला, तरी जुन्या प्रतीत तो सापडू शकतो. म्हणून आमच्या विद्यार्थिनीने गावाचे नाव, शेताचा ठावठिकाणा किंवा घरच्यांची नावे कोठेच लिहिली नाहीत. तुम्हीही लिहू नका.

पण याच इतिहासाचा एक गुण मला शिक्षक म्हणून मोलाचा वाटतो. जुलैत एके दिवशी तिने ७.६० च्या जागी ६.७० लिहिले. चार दिवसांनी आलेख काढताना एक टोक विचित्र वर आलेले दिसले, तेव्हा वहीशी ताडून तिने आकडा दुरुस्त केला. कोणता आकडा होता, कधी बदलला, हे पेटीच्या इतिहासात कोणालाही पाहता येते. प्रयोगवहीत चुकीचा आकडा खोडरबराने पुसू नये, एका रेघेने खोडावा, असे आम्ही तुम्हाला सांगतो ना? येथे ती रेघ आपोआप ओढली जाते. ॲपच्या चौकटीत ती सहसा ओढली जात नाही.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. उद्या गिटहबने ही फुकट सोय बंद केली तर? ती कंपनी आहे, धर्मशाळा नव्हे, आणि जिओसिटीजवाल्यांनाही असेच वाटले असेल की आपली पाने कायम राहतील. म्हणून आम्ही एक नियम केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटीतील `Code` या बटणाखालचे `Download ZIP` दाबायचे, आलेली फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची, आणि एवढ्यावर न थांबता तीतील कोणतीही एक नोंद उघडून वाचून पाहायची. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती प्रत आहे असे समजू नये, हे मला फ्लॉपींनी शिकवले आहे. पेनड्राइव्हवरील त्या फाइली घेऊन दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी तेच संस्थळ उभे करता येईल. मांडणी थोडी बदलेल, फाइलींच्या नावांचे नियम थोडे वेगळे असतील, पण मजकूर तोच राहील.

तिची कागदाची वहीही चालूच आहे. पहाटे विहिरीवर अंधार असतो, हात ओले असतात, तेव्हा आकडा प्रथम पेन्सिलीने वहीत उतरतो आणि मग फाइलीत. यंदाच्या नोंदी पुढच्या जूनमध्ये पूर्ण वर्षाच्या होतील. त्यानंतर दहा वर्षांनी कोणी विचारले, की २०२५ साली या विहिरीला पाणी कधी चढू लागले, तर उत्तर देण्यासाठी तिला कोणत्याही कंपनीची परवानगी लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.